302 चे रिनोव्हेशन : दोन ओळींच्या अर्जापासून ना-हरकत पत्रापर्यंत, आणि त्यानंतरही

पार्श्वभूमी

आमची सोसायटी ठाण्यातली. तळ अधिक चार मजले, वीस फ्लॅट, लिफ्ट नाही. बांधकाम 1991 चे, म्हणजे इमारतीने तिशी ओलांडली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे आता दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. शेवटच्या ऑडिटमध्ये पार्किंगमधल्या दोन कॉलमचे प्लास्टर फुटून सळ्या दिसत असल्याचे निघाले आणि त्याची दुरुस्ती झाली. त्याच अहवालात शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य होते : कोणत्याही फ्लॅटमध्ये जुन्या लाद्यांवर नव्या लाद्या बसवू नयेत. ते वाक्य आम्ही कोणीच नीट वाचले नव्हते. मी सेक्रेटरी असूनही नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा 302 नव्या मालकांनी विकत घेतला. दोन बेडरूम, हॉल, किचन; संडास आणि बाथरूम वेगवेगळे, त्या काळच्या पद्धतीचे. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे, सोबत मुलगा आणि आजी. आधीच्या घराचे भाडे आणि इकडचा हप्ता दोन्ही सुरू झाले होते, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती. आजींच्या मनात गुढीपाडव्याला गृहप्रवेश करायचा होता.

खाली 202 मध्ये एक काकू एकट्या राहतात. वर 402 मध्ये बारावीचा मुलगा.

पहिला अर्ज

8 जानेवारीला माझ्या हातात कागद आला. त्यातला मजकूर एवढाच :

«आमच्या 302 क्रमांकाच्या फ्लॅटमध्ये रिनोव्हेशनचे काम करायचे आहे. काम अंदाजे एक महिना चालेल. तरी कृपया परवानगी द्यावी.»

खाली सही, आणि पेनाने लिहिलेला कॉन्ट्रॅक्टरचा मोबाइल नंबर. नाव फक्त पहिले.

असे अर्ज आमच्याकडे पूर्वीही आले होते आणि आम्ही त्यावर «हरकत नाही» असा शेरा मारून मोकळे झालो होतो. या वेळीही झालो असतो. पण त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर जागा बघायला आला असताना जिन्यात भेटला. मी सहज विचारले, काय काय करणार? तो म्हणाला, «काही विशेष नाही साहेब. लादीवर लादी टाकायची, संडास-बाथरूम एक करायचे, आणि ती किचनची चार इंची भिंत काढायची. पार्टिशन आहे नुसते.»

त्याचे «काही विशेष नाही» ऐकून मी अर्ज घरी नेला आणि पुन्हा वाचला. «रिनोव्हेशन» या एका शब्दात तीन कामे होती आणि तिन्हींचे धोके वेगवेगळे होते. आम्ही त्या शब्दाला होकार दिला असता तर तिन्हींना दिल्यासारखे झाले असते. पुढे काही झाले असते तर आमच्याच सहीचा कागद आमच्यासमोर आला असता.

नेमकी अडचण

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीचे ऑडिट केलेल्या इंजिनिअरांना फोन केला. ते येऊन जागा बघून गेले. फी 302 च्या सदस्यांनी द्यायची असे आधीच बोलणे झाले होते. तासाभरात त्यांनी जे दाखवले त्यानंतर प्रकरणाला वेगळेच वळण लागले.

आधी लाद्या. लादीवर लादी टाकली की तोडफोड वाचते, गोण्या वाहाव्या लागत नाहीत, पंधरा दिवस कमी लागतात. कॉन्ट्रॅक्टरला ते सोयीचे आणि खालच्या काकूंनाही आवाज कमी. पण सिमेंटच्या मालावर नवी व्हिट्रीफाइड लादी बसवली तर चौरस मीटरला साधारण 60 ते 65 किलो वजन वाढते. घराच्या स्लॅबवर माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला 200 किलो भार गृहीत धरायचा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे कपाटे, पलंग, पाहुणे यांच्यासाठी ठेवलेल्या जागेतला जवळजवळ तिसरा हिस्सा लाद्याच खाणार, आणि तोही कायमचा. माणसे उठून जातात, लाद्या जात नाहीत. ऑडिट अहवालातले ते वाक्य यासाठी होते.

मग भिंत. हॉल आणि किचन यांच्यामधली भिंत खरोखरच चार इंची होती आणि तिच्यावर बीम होता, तेव्हा ती स्लॅबचा भार घेत नव्हती. इथपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचे बरोबर होते. इंजिनिअरांनी मात्र किचनमधल्या माळ्यावर टॉर्च मारली. माळा काँक्रीटचा, जमिनीपासून सुमारे सात फुटांवर, आणि त्याची एक कड त्याच चार इंची भिंतीत शिरलेली. दोन्ही टोकांना टेकू असलेला स्लॅब एका बाजूचा टेकू गेल्यावर काय करेल, हे कोणी मोजलेले नव्हते, कारण तसे कोणी त्याला बांधलेच नव्हते. घण घालणारा मजूर नेमका त्या माळ्याखाली उभा राहिला असता. तुमच्या इमारतीतही अशा जुन्या भिंतीत माळा अडकलेला असेल तर भिंतीची जाडी बघून निर्णय घेऊ नका. वर टॉर्च मारून माळ्याची कड कुठे जाते ते बघा.

तिसरे बाथरूम. संडास आणि बाथरूम एक करायला हरकत नव्हती. दोन्हींच्या खाली 202 चेही संडास-बाथरूमच होते आणि दोन्हींचा स्लॅब मूळचाच खाली उतरवलेला, म्हणजे संक होता. पण नकाशात बाथरूमची भिंत दीड फूट पॅसेजमध्ये सरकवलेली होती. त्या दीड फुटाखाली संक नव्हता. सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यायला खोली लागते. ती नसेल तर एक तर फरशी उचलावी लागते, नाही तर स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्या घरात काढावा लागतो. आणि खाली काकूंचा पॅसेज. ओल्या जागेखाली कोरडी जागा आली, की आज ना उद्या भांडण वर येते.

पर्याय

कमिटीच्या बैठकीत सात जण होते. चर्चेत तीन रस्ते निघाले.

एक, सरळ परवानगी नाकारायची. दोन ज्येष्ठ सदस्यांचा हाच सूर होता : «उगाच कटकट नको.» पण सदस्याला स्वतःच्या घराची अंतर्गत दुरुस्ती करण्यापासून सोसायटी अडवू शकत नाही. ती अटी घालू शकते, इमारतीला धोका असलेले काम थांबवू शकते. सरसकट «नाही» म्हटले तर प्रकरण उपनिबंधकांकडे जाते आणि तिथे आमच्याकडे सांगण्यासारखे कारण नसते. शिवाय असा नकार मिळालेला माणूस बहुधा गुपचूप काम करतो, आणि ते सर्वांत वाईट.

दुसरा, मागच्यासारखे «हरकत नाही» लिहून द्यायचे आणि हमीपत्र घ्यायचे. हे सोपे होते. पण हमीपत्राने माळा टिकत नाही.

तिसरा, अर्ज परत करायचा आणि कामे सुटी सुटी लिहून मागायची. मग प्रत्येक कामाला वेगळे उत्तर द्यायचे : हे चालेल, हे अटीवर चालेल, हे नाही. आम्ही हा निवडला. यात आठवडा-दहा दिवस जाणार होते, आणि पाडव्याचा विषय मनात ठेवून बसलेल्या कुटुंबाला ते सांगणे मला जड गेले. 302 च्या ताईंनी फोनवर म्हटलेले आठवते : «काका, बाकीच्यांना तर तुम्ही दोन ओळींवर दिलीत. आमच्याच वेळी नियम आठवले का?» त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी तेच सांगितले : बाकीच्यांना दिली ती आमची चूक, आणि ती इथे थांबवतोय. त्यांना ते पटले की नाही माहीत नाही, पण त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला बसवून नवा अर्ज लिहिला.

दुसरा अर्ज

18 जानेवारीला आलेला हा अर्ज, खुणा काढून, जवळजवळ जसाच्या तसा देतो, कारण अशा पत्राचा नमुना लोक नेहमी मागतात :

«प्रति,
मा. सेक्रेटरी,
______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित

विषय : फ्लॅट क्र. 302 मधील अंतर्गत दुरुस्ती-नूतनीकरणास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,
मी फ्लॅट क्र. 302 ची सभासद आहे. आमच्या घरात पुढील कामे करण्याचे योजले आहे.

कामाचे स्वरूप : (1) हॉल, दोन बेडरूम व किचनमधील जुन्या मोझॅक लाद्या व त्याखालचा माल काढून नवीन लाद्या बसवणे. जुन्या लाद्यांवर लादी बसवणार नाही. (2) संडास व बाथरूममधील मधली भिंत काढून एकच बाथरूम करणे. संक भागाचे नवीन वॉटरप्रूफिंग व प्लंबिंग. बाथरूमच्या बाहेरील भिंती जागेवरून हलवणार नाही. (3) हॉल-किचनच्या भिंतीत तीन फूट रुंदीची खिडकीसारखी मोकळी जागा, ओट्याच्या उंचीपासून वर, लिंटेल घालून. माळा व त्याखालची भिंत तशीच राहील. (4) किचन ओटा, वायरिंग, रंगकाम. (5) कोणत्याही बीम, कॉलम किंवा स्लॅबला छिद्र पाडणार नाही, त्यावर छिन्नी चालवणार नाही. बाहेरील भिंत, छज्जा व ग्रिल यांत बदल नाही.

कालावधी : 27 जानेवारी ते 22 मार्च, एकूण 55 दिवस. तोडफोड 27 जानेवारी ते 6 फेब्रुवारी या काळातच संपवली जाईल. रोजची वेळ सकाळी 9.30 ते 1 व दुपारी 3 ते 6. रविवार व सुटीच्या दिवशी आवाजाचे काम नाही.

ठेकेदार : नाव, कार्यालयाचा पत्ता, मोबाइल, साइटवरील सुपरवायझरचे नाव व मोबाइल, प्लंबर व इलेक्ट्रिशियन यांची नावे. सहा कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती व कामगार विम्याची प्रत सोबत जोडली आहे.

राडारोडा गोण्यांत भरून रोज खाली नेला जाईल व ठेकेदार तो स्वतःच्या वाहनाने हलवील. कामामुळे इतर सदनिका किंवा सामाईक भागाचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई करण्याची जबाबदारी माझी राहील. ठेकेदार अथवा त्याच्या माणसांकडे बोट दाखवणार नाही.

सोबत : आराखडा, इंजिनिअरांचे पत्र, ठेकेदाराची माहिती.

आपली विश्वासू,
(सही, फ्लॅट क्र., मोबाइल, दिनांक)»

शेवटचे वाक्य आमच्या खजिनदारांनी सुचवलेले. तेव्हा ते जरा कडू वाटले होते, पण पुढे त्याच वाक्याने काम केले.

कामाच्या स्वरूपात जे करणार नाही तेही लिहिलेले आहे. «लाद्या बदलणे» एवढेच असते तर लादीवर लादी त्यात बसली असती. आता कॉन्ट्रॅक्टरने तसे केले तर ते अर्जाविरुद्ध, आणि कोणालाही थांबवता येईल.

25 जानेवारीला ना-हरकत दिली. त्यात आम्ही स्पष्ट लिहिले, की ही परवानगी फक्त संस्थेची आहे. महापालिकेची परवानगी लागत असेल तर ती सभासदाने घ्यावी. सर्वसाधारण सभेच्या जुन्या ठरावाप्रमाणे 20,000 रुपये परतीची अनामत घेतली. अर्जाची झेरॉक्स 202, 402 आणि 301 यांना दिली. 402 च्या मुलाच्या आईने तोडफोडीच्या तारखांवर लाल पेनाने गोल केला आणि तो कागद फ्रिजवर लावला. तिच्या दृष्टीने अर्जात वाचण्यासारखे तेवढेच होते, आणि ते बरोबरच होते.

काम सुरू

पहिल्या दोन दिवसांत लाद्या उखडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सहज वर गेलो. हॉलच्या कोपऱ्यात गोण्यांची थप्पी होती, छातीपर्यंत. सुपरवायझर म्हणाला, टेम्पो उद्या येणार आहे.

मी गोण्या मोजल्या. नव्वदच्या आसपास. एक गोणी तीस किलोची धरली तर 2,700 किलो, आणि ते सगळे सहा फूट बाय चार फूट एवढ्या जागेत. ती जागा सव्वादोन चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे चौरस मीटरला बाराशे किलो, जिथे गृहीत धरलेला भार दोनशे. स्लॅब त्याच क्षणी कोसळतो असे नाही. डिझाइनमध्ये सुरक्षेसाठी राखीव ताकद असते, आणि कोपऱ्यात दोन बाजूंना बीम असल्याने जागा त्यातल्या त्यात बरी होती. पण त्या थप्पीच्या बरोबर खाली काकूंचा झोपाळा होता आणि काकू त्यावर बसून भाजी निवडत होत्या. मी खाली जाऊन त्यांना दुसऱ्या खोलीत बसवले. कारण सांगितले नाही, नळ बघायचा आहे म्हटले.

दुपारपर्यंत गोण्या खाली गेल्या. त्यानंतर आम्ही नियम केला : गोण्यांचा एकच थर, भिंतीकडेने, आणि संध्याकाळपर्यंत रिकामे. रोज संध्याकाळी सुपरवायझर रिकाम्या खोलीचा फोटो मला पाठवायचा. आठवड्याने फोटो आपोआप येऊ लागले. «राडारोडा रोज नेला जाईल» हे वाक्य अर्जात होतेच. पण ते कोण तपासणार, हे लिहिलेले नव्हते.

तोडफोड 6 फेब्रुवारीला संपायची ती 7 ला संपली. 402 मधून तक्रार आली नाही. लाद्या कापण्याचा आवाज राहणार होता, तो दुपारी 3 ते 5 मध्ये ठेवला.

वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी

बाथरूमचा संक रिकामा केला, जुने विटांचे तुकडे आणि कोबा काढला, पाइप बदलले, वॉटरप्रूफिंगचे थर दिले. 14 फेब्रुवारीला, सांडपाणी जिथून खाली जाते त्या नहाणीच्या ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरले. आमची अट 72 तासांची होती. मी रोज सकाळ-संध्याकाळ काकूंच्या बाथरूमच्या छताला हात लावून बघत होतो. काकू म्हणाल्या, «अहो, तुम्ही माझ्या घरी चहाला कधी आला नाहीत एवढे आता बाथरूम बघायला येता.»

17 तारखेला छत कोरडे ठणठणीत. कागदावर 302, 202 आणि मी, तिघांच्या सह्या झाल्या. मला वाटले, सगळ्यात अवघड भाग संपला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरचे आणि प्लंबरचे पैशांवरून फाटले. प्लंबर गेला, दुसरा आला. त्याचे नाव अर्जात नव्हते, त्याची ओळखपत्राची प्रत नव्हती. गेटवर त्याने «302 चे काम» म्हटले आणि वॉचमनने सोडले. वॉचमनला आम्ही कामगारांची यादी दिलीच नव्हती. ती माझ्या फाइलमध्ये व्यवस्थित पंच करून ठेवलेली होती.

19 मार्चला काकूंचा फोन आला. बाथरूमच्या छताला बशीएवढा ओला डाग होता.

गळती कुठून

302 चे साहेब म्हणाले, चाचणी झाली आहे, सह्या आहेत, आमचा प्रश्न नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, सामाईक डक्टमधला पाइप गळत असेल, म्हणजे सोसायटीचा खर्च. दोन्ही गोष्टी शक्य होत्या. उपविधींचा सर्वसाधारण हिशेब असा, की सामाईक पाइप किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारे पाणी सोसायटीच्या अंगावर, आणि घरातल्या संडास-बाथरूममधले त्या सभासदाच्या. त्यामुळे आधी कारण, मग खर्च.

इंजिनिअरांनी फोनवर सांगितलेली पद्धत साधी होती. पहिल्या दिवशी 302 मध्ये बाथरूम अजिबात वापरायचे नाही, पण पाण्याचा पुरवठा चालू ठेवायचा. पुरवठ्याची लाइन गळत असेल तर डाग ओला राहील, कारण त्या लाइनमध्ये दाब कायम असतो. सांडपाण्याची बाजू असेल तर डाग सुकू लागेल. तो सुकू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नहाणीच्या ट्रॅपभोवती लाल खाण्याचा रंग घातलेले दोन बादल्या पाणी ओतले. दुपारी तीनच्या सुमारास काकूंच्या छतावर गुलाबी थेंब आला. डक्टचा प्रश्न तिथे संपला.

ट्रॅपच्या भोवतीच्या चार लाद्या काढल्या तेव्हा कारण समोर आले. लाद्या बसल्यावर ट्रॅपची जाळी एक पेराभर खाली राहिली होती. नव्या प्लंबरने वर जोड द्यायला ट्रॅपच्या कडेने छिन्नी मारली होती आणि वॉटरप्रूफिंगचा थर तिथे फुटला होता. बाहेरून जोड व्यवस्थित दिसत होता, पांढरे सिमेंटही भरलेले. 17 फेब्रुवारीची चाचणी खरी होती. फक्त त्यानंतर कोणीतरी छिन्नी घेऊन त्याच जागी बसले होते.

निष्पत्ती

ट्रॅपभोवतीचा दोन फूट बाय दोन फुटांचा भाग उघडून पुन्हा वॉटरप्रूफिंग केले, आणि या वेळी लाद्या बसल्यावर व जाळी लागल्यावर दुसऱ्यांदा पाणी भरून ठेवले. त्यासाठी मुदत वाढवून दिली. काम 7 एप्रिलला संपले, 55 ऐवजी 71 दिवसांनी. पाडवा मधेच गेला. आजींनी गुढी उभारली, पूजाही केली, पण त्या दिवशी बाथरूमच्या दाराला प्लास्टिकचा कागद लावलेला होता आणि पाहुणे हात धुवायला 301 मध्ये जात होते.

काकूंच्या छताचे प्लास्टर आणि रंग यांचा खर्च कोणी द्यायचा यावर दोन दिवस वाद झाला. साहेबांचे म्हणणे, प्लंबरने फोडले, कॉन्ट्रॅक्टरने द्यावे. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, प्लंबरचे पैसे मी अजून दिलेले नाहीत, त्यातून कापतो, पण वेळ लागेल. आम्ही अर्जातले ते कडू वाक्य पुढे केले. सोसायटीचा संबंध सभासदाशी आहे. त्याने कॉन्ट्रॅक्टरकडून कसे वसूल करायचे तो त्यांचा आपसातला प्रश्न. ताईंनी आठवड्याच्या आत काकूंकडे रंगारी पाठवला. जिन्याच्या तीन पायऱ्यांची नोझिंग गोण्यांमुळे तुटली होती, त्याचे 2,400 रुपये अनामतीतून वजा झाले, उरलेले परत दिले.

भिंतीतली खिडकी मात्र छान झाली आहे. माळा आहे तिथेच आहे, आणि आजींचा सगळा पितळी पसारा त्यावर आहे.

आता वेगळे काय केले असते

पाण्याच्या दोन चाचण्या मागितल्या असत्या : एक वॉटरप्रूफिंगनंतर, दुसरी लाद्या, ट्रॅप आणि नळ लागून झाल्यावर. पहिली थराची परीक्षा घेते, दुसरी त्या थरावर नंतर काम केलेल्या माणसांची. दुसरीला दोन दिवस जास्त लागतात म्हणून लोक टाळतात. आम्हाला ती न घेतल्याने सोळा दिवस जास्त लागले.

ठेकेदाराची माहिती फाइलमध्ये न ठेवता गेटवर ठेवली असती. आता वॉचमनकडे प्रत्येक कामाची यादी असते, नाव नसेल तर तो मला फोन करतो. माणूस बदलायला बंदी नाही, पण बदल लेखी कळवावा लागतो. नव्या प्लंबरला मी फेब्रुवारीतला चाचणीचा कागद दाखवला असता, तर त्याने छिन्नी मारली नसतीच असे नाही. पण निदान ट्रॅपजवळ काम करायच्या आधी विचारले असते.

मुदतीचा आकडा मी स्वतः तपासला असता. 55 दिवस कॉन्ट्रॅक्टरने पाडव्याची तारीख बघून मागून मोजले होते, कामाचे टप्पे बघून नव्हे. त्यात तीन दिवसांची चाचणी होती, पण प्लंबर बदलणे, लाद्यांचा एखादा डबा फुटका निघणे, असा एकही मोकळा दिवस नव्हता.

एका गोष्टीवर कमिटीत अजून मतभेद आहेत. खजिनदारांच्या मते बाथरूमच्या कामासाठी अनामत वाढवावी. मला ते पटत नाही. 20,000 ऐवजी 50,000 असते तरी त्या प्लंबरने छिन्नी मारलीच असती, आणि आजींच्या मुलाला मात्र जास्त पैसे अडकवून ठेवावे लागले असते.

गेल्या महिन्यात 104 चा अर्ज आला. दोन पाने, सगळे मुद्दे, कामगारांची यादी, दोन्ही चाचण्यांच्या तारखा. मी खूश झालो. मग तिसरा मुद्दा वाचला : «माळा व त्याखालची भिंत तशीच राहील.» 104 मध्ये माळाच नाही. अर्ज परत केला, आणि इंजिनिअरांना फोन लावला.